‘मेहनती’ या शब्दाची गवाही कोण देणार?

आपल्याकडे बायोडेटा हा शब्द दोन कामांसाठी वापरतात. एक लग्नाचा, दुसरा नोकरीचा. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे माजी विद्यार्थ्यांचे नोकरीचे बायोडेटा तपासायला येतात, आणि ते वाचताना बरेचदा वाटतं की मुलांनी लग्नाचाच बायोडेटा थोडा बदलून पाठवलाय. वडिलांचं नाव, धर्म, उंची, वैवाहिक स्थिती, आणि शेवटी गुणांची यादी: मेहनती, प्रामाणिक, मनमिळाऊ, टीममध्ये काम करण्याची आवड, नेतृत्वगुण. स्थळ बघणाऱ्यांना ‘मनमिळाऊ’ पुरतं, कारण ते नंतर मोहल्ल्यात चौकशी करणारच असतात. नोकरी देणारा मोहल्ल्यात येत नाही. त्याच्यासमोर फक्त तो कागद असतो, आणि त्याच्या टेबलावरच्या इतर सगळ्या कागदांवरही ‘मेहनती’ लिहिलेलं असतं.

माझं मत असं की हा शब्द खोटा नसतो, पण निरुपयोगी असतो. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं खरोखर मेहनती आहेत. त्यांची मेहनत मी पाहिली आहे. म्हणूनच ती एका विशेषणात वाया गेलेली बघवत नाही. मेहनत कागदावर कशी उतरवायची, हे एका मुलीच्या बायोडेटावर आम्ही दोघांनी केलेल्या कामातून सांगतो. तिचं नाव लिहीत नाही.

ती माझी जुनी विद्यार्थिनी. उर्दू माध्यमातून शिकली, डी.एड. केलं, आणि एका खाजगी प्राथमिक शाळेत तीन वर्षं चौथीच्या मुलांना मराठी शिकवलं. मानधन किती, हे विचारू नये इतकं कमी. मग तिने मुलांच्या वाचनावर काम करणाऱ्या संस्थांमध्ये आणि दुसऱ्या शाळांमध्ये अर्ज करायला सुरुवात केली. सहा अर्ज गेले, एकाही ठिकाणाहून बोलावणं आलं नाही. तिच्या बायोडेटात अनुभवाच्या खाली एवढंच होतं: “तीन वर्षे शिक्षिका म्हणून काम केले. मेहनती, टीम प्लेयर, मुलांची आवड, उत्तम कम्युनिकेशन स्किल.”

मी विचारलं, “बेटा, तीन वर्षांत तू नेमकं काय केलंस?”

“शिकवलं, सर.”

“किती मुलांना?”

“बेचाळीस.”

“जूनमध्ये त्यातली किती मुलं मराठी वाचत होती?”

ती लगेच म्हणाली, “तेरा.” आठवायला एक क्षणही लागला नाही तिला. जी गोष्ट तिला तोंडपाठ होती, ती कागदावर कुठेच नव्हती. मला वाटतं, बहुतेकांची हीच अवस्था आहे. आकडे नसतात असं नाही, ते लिहायचे असतात हे कुणी सांगितलेलं नसतं.

तिची वही मागवली. ‘असर’च्या सर्वेक्षणात वाचन तपासण्याची जी सोपी पद्धत आहे, तशीच तिने वर्गात वापरली होती. एकेका मुलाला जवळ बसवायचं आणि बघायचं की तो अक्षर ओळखतो का, शब्द वाचतो का, पहिलीच्या पातळीचा साधा परिच्छेद वाचतो का, की दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट वाचतो. जूनमध्ये ४२ मुलांपैकी गोष्ट वाचणारी ५ होती, परिच्छेदापर्यंत पोचलेली ८, शब्दांवर अडकलेली १३, अक्षरांवर १२, आणि ४ मुलांना अक्षरंही येत नव्हती. घरी उर्दू आणि दखनी बोलणारी, उजवीकडून डावीकडे वाचायला शिकलेली ही मुलं. मराठी त्यांना वर्गाबाहेर फारशी भेटतच नव्हती. तिने रोज परिपाठानंतरची वीस मिनिटं गटवाचनासाठी ठेवली. गट इयत्तेनुसार नव्हते, पातळीनुसार होते. मार्चमध्ये तीच तपासणी पुन्हा केली: गोष्ट वाचणारी १७, परिच्छेद ११, शब्द ९, अक्षर ३.

इथे मी तिला थांबवलं. बेरीज ४० येत होती. “दोन मुलं कुठे गेली?” वर्षाच्या मध्येच दोन कुटुंबं गाव सोडून गेली होती. ती दोन्ही मुलं जूनमध्ये अक्षरांवर होती. म्हणजे ती वगळली तरी सुरुवातीची १३ तशीच राहतात, तुलना बिघडत नाही. पण ती गळली हे वाक्यात दिसायला हवं. कमजोर मुलं यादीतून निघून गेली की निकाल आपोआप सुधारतो, आणि जाणकार माणूस हे आधी तपासतो.

मग तिने पहिलं वाक्य लिहिलं: “विद्यार्थ्यांच्या वाचनक्षमतेत ११५ टक्के सुधारणा घडवून आणली.”

हिशोब बरोबर होता. तेरावरून अठ्ठावीस, म्हणजे पंधराची वाढ, आणि पंधरा हे तेराच्या ११५ टक्के. तरीही मी ते खोडायला लावलं. कशाची सुधारणा? किती मुलांची? हा आकडा ऐकून वाचणारा एकतर हसेल किंवा संशय घेईल. टक्केवारी मूळ संख्या लपवते. दोन मुलांची चार झाली तरी शंभर टक्के वाढ होते. संख्या लहान असेल तेव्हा सरळ मुलं मोजावीत आणि ‘कितीपैकी किती’ हे लिहावं. शेवटी वाक्य असं झालं:

“चौथीच्या ४२ उर्दू माध्यमाच्या मुलांपैकी जूनमध्ये १३ जण मराठी परिच्छेद वाचू शकत होते. रोज २० मिनिटांचे पातळीनुसार गटवाचन घेतल्यावर मार्चमध्ये वर्गात असलेल्या ४० पैकी २८ जण वाचू लागले.”

या दोन ओळींत ‘मेहनती’ हा शब्द नाही, पण वाचणाऱ्याला मेहनत दिसते. एवढंच नाही, तिला मुलांची पातळी तपासता येते, नोंद ठेवता येते, आणि वर्षभर एक गोष्ट नेमाने करता येते, हेही कळतं. विशेषणाचं काम वाचणाऱ्यावर सोडलं की ते विशेषण तो स्वतः देतो, आणि स्वतः दिलेल्या विशेषणावर माणसाचा जास्त भरवसा असतो.

आता ‘टीम प्लेयर’. हा शब्द मुलांना फार प्रिय आहे. मी तिला म्हटलं, टीम म्हणजे कोण, त्यांचं नातं काय, आणि तू नसतीस तर काय अडलं असतं ते सांग. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली की ‘ब’ तुकडीच्या टीचर बाळंतपणाच्या रजेवर गेल्या तेव्हा शाळेला सात आठवडे बदली शिक्षिका मिळाली नाही. तेव्हा दोन्ही तुकड्या हिनेच सांभाळल्या. ७८ मुलं होती. दोन खोल्यांच्या मधला दरवाजा उघडा ठेवून एका वर्गाला लेखन आणि दुसऱ्याला वाचन असं आलटून पालटून चालवलं. सत्राची चाचणी दोन्ही तुकड्यांची ठरलेल्या दिवशीच झाली. त्या टीचर परत आल्या तेव्हा कुठल्या मुलाचं कुठपर्यंत झालंय याची यादी तिने त्यांच्या हातात दिली.

“हे का नाही लिहिलंस?”

“त्यात काय सर, तेव्हा करावंच लागलं.”

‘करावंच लागलं’ म्हणून जी कामं आपण सोडून देतो, बायोडेटाचं खरं सामान तिथेच पडलेलं असतं. आम्ही लिहिलं: “सहकारी शिक्षिका रजेवर असताना सात आठवडे दोन तुकड्या (७८ मुले) एकत्र चालवल्या, दोन्हींची सत्र चाचणी वेळेवर घेतली आणि परत आल्यावर त्यांना मुलांच्या प्रगतीची लेखी यादी सोपवली.” शेवटचा तुकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्याचं काम उचलणारे पुष्कळ भेटतात. ते नीट परत करणारा खरा सहकारी.

तिसरी गोष्ट ‘मुलांची आवड’. यातून निघालं की नऊ मुलं सतत गैरहजर असत. ती शाळा सुटल्यावर त्यांच्या घरी जाई आणि आयांशी बोले. हजेरीपट काढला. पहिल्या तीन महिन्यांत ही नऊ मुलं महिन्याला सरासरी १२ दिवस शाळेत होती, शेवटच्या तीन महिन्यांत १९ दिवस. सात जण सुधारले होते, दोघांना काहीच फरक पडला नव्हता. तिला ते दोघे लपवायचे होते. मी म्हटलं, लिही: “सतत गैरहजर राहणाऱ्या ९ पैकी ७ मुलांची हजेरी सुधारली.” नऊपैकी सात हा आकडा नऊपैकी नऊपेक्षा जास्त विश्वासाचा आहे. ज्याने कधी वर्गात पाऊल ठेवलंय त्याला नऊपैकी नऊ हे होत नसतं, हे ठाऊक असतं.

या कामात मी तिला पुन्हा पुन्हा चारच प्रश्न विचारत होतो. किती? केव्हापासून केव्हापर्यंत? आधी काय होतं आणि नंतर काय झालं? आणि चौथा: हे कुणाला विचारलं तर तो हो म्हणेल? पहिल्या तीन प्रश्नांतून वाक्य तयार होतं, चौथ्यातून ते तपासलं जातं. हदीसच्या अभ्यासात केवळ मजकूर चांगला आहे म्हणून कुणी तो मानत नाही. तो कुणाकडून कुणाकडे आला याची सनद बघतात. बायोडेटातल्या प्रत्येक ओळीलाही सनद हवी. हजेरीपट, चाचणीची वही, मुख्याध्यापिका, ती रजेवरून परत आलेली टीचर. ज्या ओळीच्या मागे असं काहीच उभं करता येत नाही, ती ओळ मी काढून टाकायला लावतो. तिच्या ‘उत्तम कम्युनिकेशन स्किल’चं तेच झालं.

या सगळ्यात तिचा एक आक्षेप होता, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो, कारण तो आपल्या घरांतून येतो. ती म्हणाली, “सर, ही स्वतःची तारीफ झाली. अम्मी म्हणते नेकी केली की विसरून जावी. मला हे रियाकारीसारखं वाटतं.”

मी तिला हजरत यूसुफ यांची आठवण दिली. सूरह यूसुफमध्ये ते बादशाहाकडे स्वतः मागणी करतात की देशाच्या कोठारांवर मला नेमा, मी जपणारा आणि जाणणारा आहे. आपल्या वाअजमध्ये ही गोष्ट सब्रसाठी सांगितली जाते, इज्जत सांभाळण्यासाठी सांगितली जाते, पण त्यातला क्रम कुणी दाखवत नाही. ही मागणी करण्याआधी त्यांनी काम दाखवलेलं होतं. स्वप्नाचा अर्थ सांगताना ते नुसतं ‘दुष्काळ येईल’ एवढंच म्हणत नाहीत. सात वर्षं पेरा, खाण्यापुरतं सोडून बाकी पीक कणसातच राहू द्या, मग सात कठीण वर्षं साठवलेलं वापरा, अशी चौदा वर्षांची योजना ते आकड्यांसह देतात. त्यांच्यावरचा आरोप खोटा होता हे साक्षीतून सिद्ध झाल्यावरच ते कैदेतून बाहेर येतात. म्हणजे आधी योजना, मग साक्ष, आणि त्यानंतर स्वतःबद्दलचे दोन शब्द. आमच्या मुलांच्या बायोडेटात फक्त ते दोन शब्द असतात.

शिवाय मला तर उलटं वाटतं. “मी अत्यंत मेहनती आणि नेतृत्वगुणसंपन्न आहे” ही तारीफ आहे. “४० पैकी २८ मुलं वाचू लागली” ही तारीफ नाही, बातमी आहे. त्यात उरलेली बारा मुलंही आहेत, आणि ती लपवलेली नाहीत. नम्रता ज्याला जपायची आहे त्याने विशेषणं टाळावीत. आकडा त्याच्या नम्रतेला धक्का लावत नाही.

नम्रतेचा खरा प्रश्न दुसरीकडे असतो: ‘मी’ आणि ‘आम्ही’ यांत. शाळेचं स्नेहसंमेलन आम्ही सगळ्यांनी केलं, त्यातलं मी काय केलं? तिने आधी लिहिलं होतं, “शाळेत वाचनालय सुरू केले.” खोदून विचारल्यावर कळलं की पुस्तकं एका सेवानिवृत्त शिक्षकांनी दिली होती, कपाट संस्थेने दिलं, आणि हिने देवाणघेवाणीची वही सांभाळली. मग वाक्य झालं: “देणगीतून आलेल्या १६० पुस्तकांची देवाणघेवाण वर्षभर सांभाळली. वर्षअखेर ६ पुस्तके गहाळ.” हा दावा लहान झाला, पण आता तो पूर्ण तिचा आहे. दुसऱ्याचा वाटा आपल्या नावावर लिहिणं ही कागदावरची छोटी चोरीच. मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ती उघडी पडते.

नोकरीच केली नाही त्यांचं काय, असं अनेकजण विचारतात. आपल्याकडे हे फार आहे. मुलगा बारावीपासून अब्बूंच्या बेकरीत बसतो, पाच वर्षं काम करतो, आणि बायोडेटात लिहितो ‘अनुभव नाही’. घरच्या धंद्यातलं काम त्याला काम वाटत नाही, कारण त्याचा पगार झालेला नसतो. अशाच एका मुलाला मी विचारलं तर तो रोज पहाटे ३४ दुकानांना पाव पोचवत होता. दुपारी न खपलेले पाव परत यायचे, दिवसाला सुमारे २००. त्याने प्रत्येक दुकानाचा दोन आठवड्यांचा खप लिहून काढला आणि ज्यांच्याकडून जास्त परत येत होते त्यांचा माल कमी केला. परत येणारे पाव सुमारे ८० वर आले. गोदामात किंवा माल पोचवणाऱ्या कंपनीत अर्ज करणाऱ्या मुलासाठी यापेक्षा चांगली ओळ कुठली? इथे पक्की नोंदवही नव्हती, म्हणून आकड्याआधी ‘सुमारे’ लिहिलं. अंदाज असेल तर अंदाज म्हणून लिहावा. १९७ असं लिहून मोजल्याचा आव आणू नये.

काही कामांचा निकाल आकड्यात येतच नाही, हेही खरं. आजारी आजीची तीन वर्षं सेवा केलेल्या मुलीला ‘सुधारणा’ दाखवता येणार नाही, आणि तिला तसं विचारूही नये. अशा वेळी निकालाऐवजी जबाबदारीचा आवाका लिहावा: किती काळ, दिवसातून किती वेळा, कशाची जबाबदारी. औषधांच्या वेळा आणि दवाखान्याच्या फेऱ्या सांभाळणाऱ्या मुलीने ते रुग्णसेवेच्या कामासाठी अर्ज करताना लिहिलं तर त्यात चूक काहीच नाही. आणि ओढूनताणून आकडा आणण्यापेक्षा एक साधं खरं वाक्य केव्हाही बरं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. या पद्धतीने सगळे दरवाजे उघडतात असं मी कुणाला सांगत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वर्तमानपत्रातल्या खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले होते. मुस्लिम आणि दलित नावांच्या अर्जांना पुढचं बोलावणं कमी आलं. फक्त नाव बदललं होतं. ज्याला नाव वाचूनच कागद बाजूला ठेवायचा आहे, त्याला आपली अठ्ठावीस मुलं दिसणार नाहीत. पण मधली बरीच माणसं अशी असतात की ज्यांना निर्णयासाठी काहीतरी धरायला हवं असतं. त्यांच्या हाती आपण फक्त ‘मेहनती’ दिलं, तर ते स्वतःच्या आधीच्या समजुतींवरच जाणार. त्यांना दुसरं काही द्यायला आपल्याकडे होतं आणि आपण ते दिलं नाही, याची खंत मला जास्त वाटते.

तिचा नवा बायोडेटा एका पानाचा झाला. धर्म, उंची आणि वैवाहिक स्थिती काढून टाकली. वाचनाच्या दोन ओळी सगळ्यात वर घेतल्या, कारण अर्ज वाचनाच्या कामासाठी होता. शाळेसाठी अर्ज करताना दोन तुकड्यांची ओळ वर न्यायची, असं ठरवलं. पुढच्या पाच अर्जांपैकी दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. एका मुलाखतीत समोरच्या बाईंनी विचारलं, “ती बारा मुलं का नाही वाचू शकली?” तिने सांगितलं की तिघं अजून अक्षरांवरच होती, त्यांच्यापैकी एकाला दिसायला त्रास होता आणि ते तिच्या लक्षात जानेवारीत आलं, खूप उशिरा. बाकीची नऊ शब्द वाचत होती, पण जोडाक्षरांवर थांबत होती, आणि जोडाक्षरं तिने फार घाईत शिकवली होती. मुलाखतीचा बराच वेळ या एकाच गोष्टीवर गेला.

बाहेर येऊन तिने मला फोन केला. नोकरी मिळेल की नाही याबद्दल ती काही बोलली नाही. म्हणाली, “सर, पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या वर्गाबद्दल विचारलं.”